एसजीपीटी वाढलेले असताना कोलेस्टेरॉलची गोळी

सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर, एसजीपीटी ७२, क्रिएटिनिन १.८ आणि जोडीला जुना मधुमेह. ५६ वर्षांच्या एखाद्या गृहस्थांचे असे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम लिहून दिले, की घरात कुणीतरी विचारतेच, "लिव्हर बिघडलंय, किडनीही अर्धीच चालतेय, मग ही गोळी कशाला?" शंका रास्त आहे. गोळीसोबतच्या कागदावर यकृताबद्दलचा इशारा छापलेला असतोच.

तरीही डॉक्टर गोळी देतात, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू यकृतामुळे होत नाहीत, हृदयविकाराने होतात. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही बरेच जण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात. आपल्या गृहस्थांना हे दोन्ही आजार आहेत आणि मधुमेह तिसरा. गोळी टाळून यकृत वाचवायला जावे, तर खरा धोका तसाच राहतो.

आता एसजीपीटीचे. हे यकृताच्या पेशींतले एन्झाइम. पेशींना सूज आली की ते रक्तात उतरते. स्टॅटिन सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते थोडे वाढू शकते आणि बहुतेकांत गोळी चालू असतानाच पुन्हा खाली येते. म्हणून डॉक्टर पाहतात ती मर्यादा तिपटीची. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० धरली तर १२०. या गृहस्थांचे ७२ त्याच्या बरेच आत आहे आणि ते गोळीआधीचेच आहे, चरबीमुळे वाढलेले. दोन-तीन महिन्यांनी ते ८० झाले तरी गोळी थांबवायचे कारण नाही. १४० आले तर चाचणी पुन्हा करायची, दारू, कावीळ, दुसरी औषधे, काढे यांची चौकशी करायची आणि बिलिरुबिन पाहायचे. एसजीपीटीबरोबर बिलिरुबिनही चढत असेल तर मात्र गोळी लगेच बंद. तशी इजा फार क्वचित होते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांची यकृताची ठरावीक काळाने तपासणी करण्याची शिफारसच काढून टाकली. सुरुवातीला एकदा तपासणी, पुढे लक्षणे दिसली तर.

ग्रीसमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हृदयविकार असलेल्या ज्या ४३७ जणांच्या यकृताच्या चाचण्या आधीच थोड्या बिघडलेल्या होत्या, त्यांच्यातल्या स्टॅटिन घेणाऱ्यांचे आकडे सुधारले, न घेणाऱ्यांचे आणखी वाढले. हृदयाच्या घटना पहिल्या गटात सुमारे १० टक्के, दुसऱ्यात ३०. हा मूळ अभ्यासातून नंतर काढलेला हिशेब आहे, त्यामुळे यकृत बरे करायला स्टॅटिन द्यावे असे त्यावरून म्हणता येत नाही. ते बिघडत नाही, एवढे नक्की दिसते.

एक अपवाद ठळकपणे लक्षात ठेवायला हवा. यकृताचा सिऱ्होसिस होऊन पोटात पाणी झाले असेल, कावीळ दिसत असेल, तर हिशेब उलटतो. अशा यकृताला औषध निकामी करणे जमत नाही, ते रक्तात साचते आणि स्नायू विरघळू लागतात.

स्नायूंची हीच काळजी मूत्रपिंडाच्या बाबतीत असते. या गृहस्थांचा ईजीएफआर साधारण ४४ निघतो. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन मुख्यतः यकृतामार्गे बाहेर पडते, लघवीतून जवळजवळ नाहीच. त्यामुळे मूत्रपिंड मंदावले म्हणून मात्रा बदलावी लागत नाही. रोसुव्हास्टॅटिनचे तसे नाही. मूत्रपिंडाची क्षमता ३० च्या खाली गेली की त्याचे रक्तातले प्रमाण सुमारे तिप्पट होते. तिथे सुरुवात ५ मिलिग्रॅमने करायची आणि १० च्या वर जायचे नाही. शिवाय आशियाई लोकांत हे प्रमाण मुळातच जास्त आढळते. जुनी चिठ्ठी दाखवून २० मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षे घेत राहणाऱ्याचे क्रिएटिनिन दरम्यान चढले असेल, तर ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

दुसरी फसगत सर्दी-खोकल्यातून होते. छातीच्या संसर्गासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा निचरा अडवते. मांड्या-दंड दुखून कमजोर झाले, लघवी चहासारखी गडद झाली, तर ते वय किंवा थकवा म्हणून सोडून देऊ नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. रक्तातले सीपीके नेहमीच्या दहापट निघाले तर निदान जवळपास ठरते. मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्याला विरघळलेल्या स्नायूंचा भार पेलवत नाही.

डायलिसिसवर गेलेल्यांचे गणित आणखी वेगळे. २०११ च्या ‘शार्प’ चाचणीत मूत्रपिंडाच्या ९,००० हून अधिक रुग्णांना सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकत्र दिल्यावर रक्तवाहिन्या तुंबून होणारे मोठे आघात १७ टक्क्यांनी कमी झाले. पण फक्त डायलिसिसच्या रुग्णांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनचा ठोस फायदा दिसला नाही. त्या टप्प्यावर हृदयाची लय अचानक बिघडणे आणि चुना साचून ताठरलेल्या धमन्या ही मृत्यूची मोठी कारणे असतात, आणि त्यांवर कोलेस्टेरॉल उतरवण्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून डायलिसिसवर असताना नव्याने स्टॅटिन सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मात्र ती सहसा चालू ठेवतात.