अनुदानाचे आठ लाख वहीत कुठे मांडायचे?

शेतकरी उत्पादक कंपनीचे तुम्ही सभासद असाल, तर वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर हिशेबाचा अहवालही येतो. बहुतेक घरांत तो न वाचताच फडताळात जातो. यंदा तो उघडा आणि एवढेच शोधा, की सरकारी अनुदान कुठे दाखवले आहे.

समजा, कंपनीने २० लाखांची डाळ मिल घेतली आणि त्यात ८ लाख अनुदान मिळाले. मिल १० वर्षे चालेल, शेवटी भंगाराचे काही येणार नाही, असे धरू. अशा कंपन्यांना सहसा लागू असणारे हिशेब मानक १२ दोन रीती मान्य करते.

पहिल्या रीतीत अनुदान किमतीतून वजा होते. मिल वहीत १२ लाखांची दिसते आणि दरसाल १ लाख २० हजार घसारा पडतो. दुसऱ्या रीतीत मिल २० लाखांचीच राहते, घसारा २ लाख. अनुदानाचे ८ लाख ताळेबंदात ‘स्थगित अनुदान’ म्हणून वेगळे ठेवतात आणि त्यातले ८० हजार दरवर्षी उत्पन्नात घेतात. २ लाखांतून ८० हजार गेले, म्हणजे नफ्यावरचा भार पुन्हा १ लाख २० हजारच. मला स्वतःला दुसरी रीत बरी वाटते, कारण मिलची खरी किंमत डोळ्यांसमोर राहते.

घोटाळा होतो तो तिसऱ्याच प्रकारात. सगळे ८ लाख पहिल्याच वर्षी उत्पन्नात धरले, तर २ लाख घसारा जाऊनही ६ लाख नफा फुगतो. सभेत लोक बोनस मागतात; पण पैसा तर मिलच्या लोखंडात अडकलेला! पुढची नऊ वर्षे मात्र २ लाखांचा घसारा एकटाच उभा राहतो. ‘इतर उत्पन्न’ एका वर्षी एकदम उडी मारून दुसऱ्या वर्षी खाली आले, तर लेखापरीक्षकांना कारण विचारा.

दोन्ही रीतींत फरक पडतो तो अनुदान परत करावे लागले तर. तीन वर्षांनंतर अटीचा भंग झाला आणि ८ लाख परत मागितले, असे समजा. पहिल्या रीतीत मिलची उरलेली किंमत ८ लाख ४० हजार असते. तीत ८ लाख मिळवून १६ लाख ४० हजार होतात, आणि त्यावर उरलेल्या सात वर्षांत घसारा पडतो, साल्याला सुमारे २ लाख ३४ हजार. दुसऱ्या रीतीत स्थगित अनुदान ५ लाख ६० हजार उरलेले असते, ते आधी संपते. बाकीचे २ लाख ४० हजार त्याच वर्षीच्या नफ्यातून जातात. पैसे मात्र दोन्हीकडे पूर्ण ८ लाखच द्यावे लागतात, आणि तेही बँकेच्या खात्यातून.