डोळे मिटले की लाटा मोठ्या का होतात?

ईईजी काढायला येताना डोक्याला तेल लावू नका, असं पेशंटला बजावलेलं असतं; तेलामुळे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. आडवं झालं की सूचना येते, 'डोळे मिटा.' लगेच डोक्याच्या मागच्या भागाच्या रेघांवर सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणाऱ्या ठसठशीत लाटा उमटतात. 'उघडा' म्हटलं की त्या विरतात आणि उरते बारीक, वेगवान थरथर. जर्मनीतल्या येना इथले डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाचा ईईजी पहिल्यांदा प्रसिद्ध केला. त्या मोठ्या लाटांना अल्फा आणि थरथरीला बीटा ही नावंही त्यांचीच.

सावध मेंदूच्या लाटा लहान, हे उलटंच वाटतं. पण इलेक्ट्रोड एकेका पेशीचं ऐकत नाही, त्याला लाखो पेशींची बेरीज कळते. दिंडीतले टाळ एका ठेक्यात पडले की आवाज लांबवर जातो. तितकीच माणसं आपापलं बोलू लागली तर नुसता कलकलाट होतो. सावध मेंदूत पेशी आपापल्या कामाला लागतात, म्हणून बेरीज लहान येते.

डुलकी लागताना अल्फा तुटक होतो, मग नाहीसा होतो. त्याच्या जागी सेकंदाला ४ ते ७ या गतीच्या थीटा लाटा येतात आणि मिटल्या पापण्यांआड बुबुळं सावकाश इकडून तिकडे सरकतात. अशा वेळी हाक मारली तर पुष्कळजण 'झोपलो नव्हतो' म्हणतात, आणि ते थापा मारत नसतात.

मग जागं कोण करतं? १९३५ च्या सुमारास बेल्जियमच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराच्या मेंदूला मध्यमेंदूपाशी छेद दिला, तेव्हा पुढच्या मेंदूत झोपेच्याच लाटा उरल्या. संवेदनांची आवक थांबली म्हणून असं झालं, असा त्यांनी अर्थ लावला. तो तर्क चुकला. १९४९ मध्ये अमेरिकेत मोरुझी आणि मगून यांनी गुंगीतल्या मांजराच्या मेंदूच्या देठात, मधोमध पसरलेल्या पेशींच्या जाळीला हलका विद्युतप्रवाह दिला. संथ लाटा जाऊन जागेपणाची थरथर आली. मगून यांच्याच सहकाऱ्यांनी पुढे बाजूचे संवेदनामार्ग कापून जाळी शाबूत ठेवली, तर मांजर जागं राहू शकलं. मार्ग ठेवून जाळीचा वरचा भाग नष्ट केला, तर ते बेशुद्धच राहिलं. हीच जाळी म्हणजे रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टिम.

म्हणून देठातली इजा नेमकी कुठे आहे, याला महत्त्व. पुढच्या बाजूला झाली तर हातपाय आणि वाचा जाते, पण माणूस पूर्ण भानावर असतो. डोळे वरखाली हलवून 'हो-नाही' सांगू शकतो. मागच्या बाजूची जाळी गेली तर कोमा. त्यातही कधीकधी कागदावर अल्फाच दिसतो आणि नवखा फसतो. जाणकार पेशंटच्या पापण्या उघडून पाहतो, टाळी वाजवतो, चिमटा काढतो. जागेपणी डोळे मिटलेल्या माणसाचा अल्फा मोडला असता. हा बहुधा तसाच चालू राहतो.