घोळणा फुटला की घड्याळ बघा

जानेवारीत पुण्याला ताईकडे मुक्कामाला होतो. नऊ वर्षांच्या भाच्याला पाच दिवसांचं पडसं झालं होतं. दिवसभर त्याचं नाक शिंकरणं ऐकून आम्हालाच दमायला झालं होतं. रात्री अकराच्या सुमारास त्याने झोपेत नाक चोळलं आणि घोळणा फुटला. उशीचा पांढरा अभ्रा लाल झालेला पाहून ताईने दिवे लावले, आजींनी त्याचं डोकं मागे टेकवून डोक्यावर गार पाणी थापायला घेतलं, मी कांदा शोधायला स्वयंपाकघरात धावलो. पाच-सात मिनिटांनी पोरगं भडाभडा ओकलं. ओकारीतही रक्त! मग मात्र सगळ्यांचीच तंतरली.

खालच्या मजल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टर राहतात. त्या वर आल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी त्याला सरळ बसवून पुढे वाकवलं. ओकारीतलं रक्त पोटातून आलेलं नव्हतं. डोकं मागे टेकल्यामुळे नाकातलं रक्त घशातून पोटात गेलं होतं, आणि गिळलेलं रक्त पोटाला सोसत नाही. म्हणजे अर्धा घोळ आम्हीच घातलेला होता.

रक्त येतं कुठून, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी चहा घेताना सांगितलं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा पुढच्या भागात कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. त्याच्यावर ओठाच्या आतल्या बाजूसारखं पातळ, ओलसर अस्तर असतं. नाकाच्या तोंडापासून जेमतेम बोटाच्या पेरावर, या अस्तराखाली चार-पाच रक्तवाहिन्यांची टोकं येऊन एकमेकींत गुंततात. या जागेला ‘लिटलचा भाग’ म्हणतात. जेम्स लिटल या अमेरिकी शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं, तर तिथल्या जाळ्याला कीसेलबाख या जर्मन डॉक्टरांचं नाव आहे. दहापैकी नऊ घोळणे इथेच फुटतात. आत येणारा श्वास पहिल्यांदा इथेच आपटतो आणि मुलांचं बोटही नेमकं इथपर्यंतच पोचतं.

पडशात या जागेचे दोन्हीकडून हाल होतात. सूज आल्याने अस्तराखालच्या वाहिन्या रक्ताने तट्ट फुगलेल्या असतात. वरून नाक सतत वाहतं, पुसलं जातं, शिंकरलं जातं, त्यात हिवाळ्याची कोरडी हवा असते किंवा खोलीत एसी चालू असतो. त्यामुळे अस्तर सुकतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. जोर लावून शिंकरलं, की फुगलेल्या वाहिन्यांवर आणखी दाब येतो आणि भेगेतली एखादी वाहिनी फुटते. म्हणून पडशाच्या पहिल्या दिवसापेक्षा, शेंबूड घट्ट होऊन त्याचं मेकूड धरायला लागतं तेव्हा घोळणा जास्त फुटतो. भाच्याचा पाचवा दिवस होता, हे त्यात चपखल बसलं.

आता रक्त थांबवायचं कसं? बसायचं, थोडं पुढे वाकायचं, तोंडाने श्वास घ्यायचा आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग धरायचा. चुकतं ते इथेच. मी आधी चिमूट धरली होती ती वर, चष्मा टेकतो तिथल्या हाडावर. तिथे कितीही दाबलं तरी फुटलेल्या जागेला काही लागत नाही. हाड संपल्यावर खाली जो मऊ भाग लागतो, तो दोन्ही बाजूंनी पूर्ण मिटला पाहिजे. खूण सोपी आहे: नाकाने श्वास येईनासा झाला, की चिमूट बरोबर बसली.

मग घड्याळ बघायचं. मुलाला दहा मिनिटं, मोठ्या माणसाला पंधरा. या वेळात एकदाही ‘थांबलं का’ म्हणून चिमूट सोडून बघायचं नाही. फुटलेल्या वाहिनीच्या तोंडाशी रक्ताची गुठळी धरायला काही मिनिटं लागतात. दर मिनिटाला हात काढला, तर अर्धवट धरलेली गुठळी दर वेळी निघते आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दहा मिनिटं ही रडणाऱ्या मुलाजवळ बसल्यावर फार लांब वाटतात, म्हणून अंदाजावर न जाता मोबाइलवर गजर लावलेला बरा. तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, पुढ्यात वाडगं धरून थुंकायचं. नाकावर बर्फाची पुरचुंडी धरायला हरकत नाही, पण ती चिमटीच्या जागी चालत नाही. कांदा हुंगल्याने काय होतं, असं मी विचारलं. “डोळ्यांत पाणी येतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

दहा मिनिटांनी हळूच हात काढला, तर रक्ताची बारीक धार अजून होती. त्यांनी न घाबरता पुन्हा दहा मिनिटं धरायला लावलं. दुसऱ्या खेपेला रक्त थांबलं. मोठ्या माणसाचं अशा वेळी थांबेना, तर नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब कापसावर घेऊन तो कापूस नाकपुडीत ठेवतात आणि पुन्हा दाबतात, कारण त्या औषधाने वाहिन्या आकसतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि मुलांसाठी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावं. एरवीही हे थेंब पडशात काही दिवसांपलीकडे वापरले, तर नाक उलट जास्त चोंदतं.

रक्त थांबलं तरी जागा भरलेली नसते. तिथे खपली धरते, दोन-तीन दिवसांनी ती खाजते, मूल बोट घालून काढतं आणि घोळणा पुन्हा फुटतो. पुष्कळ घरांत ‘याला सारखाच घोळणा फुटतो’ म्हणतात, तेव्हा ती बऱ्याचदा एकच जखम असते, पुन्हा पुन्हा उकरलेली. म्हणून भाच्याला पहिला दिवसभर नाक शिंकरायला बंदी होती, वाफारा बंद होता आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची होती. रोज सकाळी आणि झोपताना वाटाण्यापेक्षा कमी पेट्रोलियम जेली बोटावर घेऊन नाकपुडीच्या तोंडाशी, पडद्याच्या बाजूने लावायची आणि बाहेरून नाक हलकेच चोळायचं, म्हणजे ती आत पसरते. काडीवर कापूस गुंडाळून आत खोल खुपसायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब घालायचे, म्हणजे मेकूड मऊ होऊन आपोआप निघतं. शिंकरायचंच तर एका वेळी एकच नाकपुडी, बेताच्या जोराने.

मात्र काही घोळणे घरी बसून थांबवण्यातले नसतात. वीस-तीस मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, पुढे वाकूनही घशात सारखं उतरत असेल किंवा चक्कर येत असेल, तर सरळ दवाखाना गाठावा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना फोन करायला वेळ लावू नये, पण गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. घोळण्याबरोबर जोराचा ताप, अंगावर लाल ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर ते पडशावर ढकलू नये. डेंग्यूतही असं होतं, तेव्हा रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित शेंबूड येत असेल, तर आत शेंगदाणा, मणी किंवा खडूचा तुकडा अडकलाय का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

भाच्याची खपली सहाव्या दिवशी आंघोळीच्या वेळी आपोआप पडली. ती त्याने मला मुद्दाम आणून दाखवली. मी नाक मुरडलं, पण जागा तपासली. रक्त नव्हतं.