ड्रोन न पाडता पी, आय, डी जुळवताना

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोन फवारणीचे संशोधन आणि प्रशिक्षण सुरू झाल्यापासून जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना स्वतःचे चार पंख्यांचे ड्रोन बांधायची ओढ लागली आहे. सांगाडा, मोटारी, बॅटरी, फ्लाइट कंट्रोलर यांची जुळवाजुळव आठवड्याभरात होते. खरी कसोटी नंतरची असते: पहिल्या उड्डाणात ड्रोन थरथरतो, एका बाजूला झुकतो आणि पंखे मोडून घेतो. मग मुले आकडे बदलतात आणि पुन्हा पाडतात. दर पडण्यागणिक सांगाडा थोडा वाकतो, मोटारीचा शाफ्ट हलतो, आणि त्यानंतर आकडे बरोबर असले तरी ड्रोन नीट उडत नाही. म्हणून आकड्यांपेक्षा ते कोणत्या क्रमाने आणि कशा रीतीने बदलायचे, हे आधी शिकायला हवे.

कंट्रोलरमध्ये एकात एक अशी दोन नियंत्रणे असतात. बाहेरचे ठरवते, हव्या त्या कोनाकडे ड्रोन किती वेगाने वळावा. आतले तो वेग प्रत्यक्षात आणते. हे आतले नियंत्रण जायरोवरून प्रत्यक्ष वळण्याचा वेग मोजते आणि मोटारींना सेकंदाला शेकडो वेळा हुकूम देते. जुळवायचे ते आधी हेच. आतले नियंत्रण डळमळीत असताना बाहेरचे कितीही नीट केले तरी उपयोग होत नाही.

आतल्या नियंत्रणातले तीन आकडे म्हणजे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह. हवा आहे तो वेग आणि आहे तो वेग यांतल्या फरकाच्या प्रमाणात पी जोर लावतो. फरक किती झपाट्याने बदलतो आहे ते पाहून डी ब्रेक लावतो. बराच काळ न मिटणारा फरक, म्हणजे बॅटरी एका बाजूला सरकलेली असणे किंवा सतत एकाच दिशेने वाहणारा वारा, आय हळूहळू भरून काढतो. पी वाढवत गेलो की थरथर का सुरू होते? मोटारीला वेग बदलायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे दुरुस्ती उशिरा पोहोचते. झोपाळा परत येत असताना चुकीच्या क्षणी दिलेला धक्का त्याला थांबवण्याऐवजी अधिक झुलवतो, तसेच हे होते.

हे तंत्र जुने आहे. जहाजाच्या सुकाणूसाठी निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 मध्ये त्याचे गणित मांडले. 1942 मध्ये झिग्लर आणि निकोल्स यांनी आकडे शोधायची प्रसिद्ध पद्धत दिली: यंत्रणा सतत हेलकावे खाईपर्यंत पी वाढवा आणि त्यावरून हिशेब करा. भट्टीत किंवा टाकीत हे चालते. हवेतल्या ड्रोनला मात्र सतत हेलकाव्यांत ठेवणे परवडत नाही. म्हणून थरथरीची पहिली चाहूल लागताच मागे फिरायचे, हीच इथली रीत.

त्याआधी जमिनीवरचे काम आहे. डी बदलाकडे पाहतो, म्हणून पंख्याच्या असमतोलामुळे होणारी बारीक कंपने त्याला मोठी दिसतात. तो मोटारींना निरर्थक हुकूम देत राहतो आणि मोटारी तापतात. आधी पंखे समतोल करावेत, स्क्रू कसावेत, मग एक मिनिट ड्रोन नुसता तरंगवून खाली उतरवावा आणि मोटारींना हात लावून पाहावे. अर्दूपायलटच्या लॉगमधले कंपनाचे आकडे 30 मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या आत असावेत. 60 च्या पुढे असतील तर जुळवणीला हातच लावू नये. त्या स्थितीत सापडलेले आकडे कंपनाचे असतात, ड्रोनचे नव्हे.

काही जण ड्रोन दोरीला किंवा आडव्या दांडीला बांधून जुळवतात. मोटारी उलट्या फिरत नाहीत ना, एवढे पाहायला ते ठीक आहे. पण दांडीचा आस आणि ड्रोनचा गुरुत्वमध्य एका ठिकाणी नसले की ड्रोन लंबकासारखा वागतो. तिथले आकडे हवेत खरे ठरत नाहीत. शिवाय बांधलेला ड्रोन हवा तितका वळू शकत नसल्याने आय साचत जातो आणि सुटताच ड्रोन एका बाजूला उसळी घेतो.

प्रत्यक्ष जुळवणीसाठी सकाळची शांत वेळ निवडावी. पारनेरच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत; दुपारच्या झोतांत ड्रोन हलला तो वाऱ्याने की पीने, हे कळत नाही. मऊ मातीचे रिकामे शेत घ्यावे. त्या जागी उडवायची परवानगी आहे का, ते डिजिटल स्काय नकाशावर पाहावे, कारण शिर्डी विमानतळ आणि अहिल्यानगरची लष्करी केंद्रे याच जिल्ह्यात आहेत. उंची तीन-चार मीटर पुरे: पंख्यांच्या वाऱ्याचा जमिनीवरून होणारा परिणाम टळतो आणि खाली यायला वेळही कमी लागतो. जीपीएस मोड नको, अल्टिट्यूड होल्ड ठेवावा.

अपघात टाळणारी मुख्य युक्ती म्हणजे रिमोटवरचा फिरता नॉब. अर्दूपायलटमध्ये तो असा जोडतात:

```
RC6_OPTION 219
TUNE      21
TUNE_MIN  0.0036
TUNE_MAX  0.0130
```

21 म्हणजे रोल आणि पिचचा डी. खालची मर्यादा आपल्याला सुरक्षित ठाऊक असलेला आकडा असावा. म्हणजे काहीही बिघडले तरी नॉब पूर्ण मागे फिरवला की ड्रोन जुन्या वागण्यावर येतो. डोळे ड्रोनवर राहतात आणि लॅपटॉपकडे धावावे लागत नाही.

दीडेक किलोचा, दहा इंची पंख्यांचा ड्रोन घेऊ. सुरुवातीचा पी 0.135 आणि डी 0.0036. आधी डी दीडपट करत जायचे: 0.0054, मग 0.0081, मग 0.0122. समजा इथे आवाजात बारीक खरखर ऐकू आली. कान इथे डोळ्यांआधी सांगतो. लगेच दहा टक्के मागे: 0.0109. खरखर उरलीच, तर 0.0098. ती थांबली की आणखी पाव भाग कमी करून 0.0074 वर स्थिर व्हायचे. नॉब हा आकडा साठवत नाही, म्हणून उतरून तो नोंदवावा लागतो. मग TUNE ला 4 देऊन, नव्या मर्यादांसह, हाच क्रम पीसाठी. 0.203 ला ठीक, 0.304 ला थरथर, 0.246 ला शांत, तर शेवटी 0.185. आय पीइतकाच ठेवायचा. काम संपले की TUNE शून्य. थरथर फार वाढलीच तर थ्रॉटल वर देऊ नये आणि मोटारीही बंद करू नयेत. नॉब मागे आणून हळूच खाली उतरवावे.

खात्री लॉगमध्ये होते. तिथे मागितलेला वळण्याचा वेग RATE.RDes या नावाने आणि मिळालेला RATE.R या नावाने दिसतो. दोन रेषा थोड्या अंतराने एकमेकींवर बसायला हव्यात. दुसरी पहिलीला ओलांडून डोलत राहिली, तर अजून काम आहे.

फवारणीचा ड्रोन असला तर प्रश्न बदलतो. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, आणि ते एका फेरीत संपते. भरलेल्या टाकीसाठी जुळवलेले आकडे रिकाम्या ड्रोनला जास्त ठरतात, कारण तोच जोर हलक्या यंत्राला अधिक झपाट्याने वळवतो. म्हणून थरथरीची मर्यादा रिकाम्या टाकीत शोधावी आणि त्याच आकड्यांवर भरलेला ड्रोन सुस्त तर होत नाही ना, हे पाहावे. अर्धी टाकी वेगळाच त्रास देते: पाणी मागेपुढे हिंदकळते आणि ड्रोन संथपणे डोलतो. हा डोल सेकंदाला एखादाच असतो, पी फार झाल्याची थरथर मात्र सेकंदाला अनेक वेळा होते. त्यामुळे पी कमी करून डोल जात नाही. त्याला टाकीत आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. बाजारातल्या प्रमाणित फवारणी ड्रोनचे आकडे मात्र निर्मात्याने जुळवलेले असतात. ते शेतात बसून बदलू नयेत.