रात्री पाच, जेवणं किती?

केरळच्या सहलीचं कोटेशन एजंटकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, तेव्हा त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: पाच रात्री, सहा दिवस. मुन्नार दोन रात्री मॅप, ठेकडी एक रात्र मॅप, अलेप्पी हाउसबोट एपी, कोची सीपी. घरातली पहिलीच मोठी सहल असेल तर सगळ्यांची नजर आधी खालच्या रकमेवर जाते. मग कुणीतरी विचारतं, ‘जेवणखाण त्यातच ना?’ एजंट म्हणतो, ‘हो हो, ब्रेकफास्ट-डिनर आहे.’ तो खोटं बोलत नसतो. पण सहा दिवसांत आपल्याला किती वेळा खिशात हात घालावा लागणार, ते त्या ‘हो’वरून कळत नाही.

प्लॅन चारच आहेत. ईपी म्हणजे नुसती खोली. परदेशी हॉटेलं हिलाच ‘रूम ओन्ली’ म्हणतात. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, अर्थात ‘बेड अँड ब्रेकफास्ट’. मॅप म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ते बहुतेक ठिकाणी रात्रीचं. परदेशात याला ‘हाफ बोर्ड’ म्हणतात. एपीत नाश्ता आणि दोन्ही वेळची जेवणं येतात, म्हणजे ‘फुल बोर्ड’. एपीतला ए ‘अमेरिकन’चा आहे, पण त्याचा ताटातल्या पदार्थांशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली हॉटेलं खोलीच्या भाड्यातच सगळी जेवणं धरत, युरोपात जेवणाचे पैसे वेगळे घेत. त्या हिशेबाच्या पद्धतीची ही नावं आहेत. आपल्याकडे माथेरानला राहिलेल्यांनी एपी बहुधा अनुभवलेला असतो. नाश्ता, दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण असा सगळा दर माणशी सांगायची पद्धत तिथल्या अनेक हॉटेलांत आहे. कोटेशनवर ‘सीपीएआय’ किंवा ‘एमएपीएआय’ असं दिसलं, तर शेवटचा एआय सहसा कर धरल्याची खूण असतो. परदेशी रिसॉर्टमधल्या ‘ऑल इनक्लुझिव्ह’शी, म्हणजे दिवसभराच्या खाण्यापिण्याशी त्याची गल्लत करू नये.

खरी गोम मोजणीत आहे. हॉटेल दिवस मोजत नाही, रात्री मोजतं. मॅपवर एक रात्र म्हणजे पोहोचाल त्या संध्याकाळचं जेवण आणि दुसऱ्या सकाळचा नाश्ता. त्यापुढे दुपारी तुम्ही कुठे आणि काय खाता, याच्याशी हॉटेलला देणंघेणं नसतं.

हे डोक्यात ठेवून वरचं कोटेशन पुन्हा वाचू. पहिल्या दिवशी सकाळी कोचीला विमान उतरलं. तिथून मुन्नार घाटरस्त्याने चार-पाच तासांवर, म्हणजे त्या दिवसाचा नाश्ता आणि दुपारचं जेवण आपलं आपण. रात्रीचं जेवण मुन्नारच्या हॉटेलात. दुसऱ्या दिवशी नाश्ता आणि रात्रीचं जेवण तिथेच. दुपारी चहाचे मळे, धरणं बघत फिरताना जिथे असू तिथे. तिसऱ्या दिवशी मुन्नारला नाश्ता करून निघायचं आणि रात्री ठेकडीला जेवायचं. चौथ्या दिवशी नाश्ता ठेकडीला, दुपारचं आणि रात्रीचं जेवण बोटीवर. पाचव्या सकाळी बोटीवर नाश्ता, मग कोची. तिथे सीपी आहे म्हणून दोन्ही जेवणं बाहेर. सहाव्या सकाळी कोचीच्या हॉटेलात नाश्ता, पुढचं सगळं आपलं. म्हणजे पाच नाश्ते, रात्रीची चार जेवणं आणि दुपारचं फक्त एक जेवण पैशांत आलं. घरची चार माणसं असतील तर पाच दुपारी चौघांचं बाहेर जेवण, शेवटच्या दोन रात्रींचं जेवण आणि पहिल्या सकाळचा नाश्ता, एवढा खर्च वेगळा बाजूला काढावा लागतो.

मग सगळीकडे एपीच घ्यावा का? मुळीच नको. दुपारी आपण हॉटेलात नसतोच, त्यामुळे फिरण्याच्या सहलीत एपीचं दुपारचं ताट बहुधा वाया जातं. मॅप सगळीकडे घ्यायचीही गरज नाही. इथे गावागावाप्रमाणे विचार केलेला बरा, आणि तो करताना एकच गोष्ट बघायची: अंधार पडल्यावर हॉटेलच्या दारातून चालत बाहेर जाऊन जेवता येईल का?

मुन्नारची बरीचशी रिसॉर्टं गावात नाहीतच. पल्लिवासल, चितिरपुरम, आनच्चाल अशा बाजूंना ती डोंगरउतारावर पसरली आहेत. संध्याकाळी थंडी, धुकं, वळणाचा रस्ता, त्यात दिवसभर दमलेला ड्रायव्हर. अशा वेळी जेवायला गावात जायचं कुणाच्याही जिवावर येतं. सीपी घेतला असेल तर मग हॉटेलच्या मेनूकार्डावरून मागवावं लागतं आणि ते मॅपच्या बुफेपेक्षा सहज महाग पडतं. तेव्हा मुन्नारला मॅपच. ठेकडीचं तसं नाही. तिथली बरीच हॉटेलं कुमिळी गावातच आहेत आणि बाजारपेठेत चालत जाऊन हवं ते खाता येतं. समजा तिथल्या खोलीचा दर दोघांसाठी सीपीवर 4500 रुपये आणि मॅपवर 5900 रुपये आहे. फरक 1400 रुपये, म्हणजे एका ताटाला 700. तेवढ्यात बाहेर दोघांचं साधं शाकाहारी जेवण होऊन वर मसाल्यांच्या दुकानात काही घ्यायला पैसे उरतील. सीपी आणि मॅप असे दोन्ही दर मागून घेतले की हा हिशेब दोन मिनिटांत होतो. एजंट बऱ्याचदा एकच दर पाठवतात. दुसरा मागायला संकोच कशाला?

हाउसबोटीवर एपीशिवाय पर्याय नसतो, कारण पाण्यात दुसरं काही मिळणार नाही. पण तिथला एपी घड्याळाला बांधलेला असतो. सर्वसाधारणपणे दुपारी बाराला बोटीवर चढायचं, एकच्या सुमारास जेवण, संध्याकाळी चहा आणि भजी किंवा पळमपोरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी. साडेपाचच्या आसपास बोट काठाला लावतात, कारण मग मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात. रात्रीचं जेवण उभ्या बोटीवर, सकाळी नाश्ता, आणि नऊला उतरायचं. ठेकडीहून अलेप्पी चार तासांच्या वाटेवर आहे. पेरियार तलावातली पहिली बोटफेरी सकाळी साडेसातला सुटते. तीच फेरी घ्यायचा हट्ट धरला तर अलेप्पीला पोहोचेपर्यंत दोन वाजून जातात. जेवण थंड झालेलं असतं आणि फिरायच्या वेळातले दोन तास गेलेले असतात, पैसे मात्र पूर्ण बोटीचे. म्हणून पेरियारची फेरी आदल्या दुपारी उरकावी आणि सकाळी नाश्ता झाला की निघावं. अजून एक: बोटीवरचा आचारी सामान काठावरूनच भरून घेतो. शाकाहारी, जैन किंवा उपासाचं हवं असेल तर आदल्या दिवशीच कळवायला हवं. मधल्या पाण्यात ‘आम्ही मासे खात नाही’ सांगितलं, तर तो भात, सांबार आणि पापडावर भागवेल. मोठी कोळंबी हवी असेल तर ती वाटेत विकत घेऊन आचाऱ्याकडे द्यावी लागते; तिचे पैसे एपीत नसतात.

ताटाबाहेरच्या गोष्टींचे पैसे वेगळे लागतात, ही दुसरी अडचण. मॅपच्या जेवणात बाटलीबंद पाणी, शीतपेयं, दुपारचा चहा धरलेला नसतो. तेच जेवण खोलीत मागवलं तर रूम सर्व्हिस म्हणून बिल लागतं. जेवणाची वेळ ठरलेली असते, साधारण साडेसात ते दहा. विमान संध्याकाळचं असेल आणि मुन्नारला पोहोचायला रात्रीचे अकरा वाजणार असतील, तर ते जेवण बुडालं; परतावा नाही. फार तर निघतानाच फोन केला तर ताट झाकून ठेवतात. अशा पहिल्या रात्रीपुरता सीपी मागून घेणं शहाणपणाचं. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री रिसेप्शनला सांगून नाश्ता बांधून घ्यावा. सँडविच, केळं, उकडलेलं अंडं, फ्रूटी असं काहीबाही मिळतं, पण सांगितलं तरच.

बुफे म्हटलं तरी बुफे असेलच असं नाही. हॉटेलात पाहुणे कमी असले की बुफे मांडणं परवडत नाही. मग ठरावीक जेवण टेबलावर आणून देतात: एक सूप, दोन भाज्या, डाळ, भात, पोळी, एक गोड. पावसाळ्यात हे हमखास घडतं. त्यात फसवणूक नाही, पण ‘दोन भाज्यांतली एक मशरूमची निघाली’ ही तक्रार तिथूनच येते.

माणसांची मोजणी हा सर्वांत जास्त वादाचा विषय. खोलीचा दर दोघांचा. आजी तिसऱ्या असतील तर जादा गादीचे पैसे लागतात आणि त्यात प्लॅनप्रमाणे त्यांची जेवणं धरलेली असतात. दहा वर्षांच्या मुलाला वेगळी गादी घेतली नाही, तर काही हॉटेलं त्याला नाश्ता देतात पण रात्रीच्या जेवणाचे अर्धे पैसे घेतात, काही काहीच घेत नाहीत. लहान मूल फुकट, पण किती वर्षांपर्यंत, ते प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं. कुठे पाच, कुठे सहा. एजंटाशी तोंडी काय बोलणं झालं ते रिसेप्शनवरच्या माणसाला माहीत नसतं. तो फक्त आपल्या व्हाउचरवर लिहिलेली माणसं आणि प्लॅन बघतो. म्हणून व्हाउचर हातात आलं की निघण्याआधीच वाचावं: मोठे किती, मुलं किती आणि कुठल्या वयाची, प्लॅन कुठला.

परदेशातल्या हाफ बोर्डचं गणित मॅपसारखंच आहे, फक्त तिथे जेवणाबरोबरचं पाणीसुद्धा अनेक ठिकाणी विकतचं असतं. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातल्या डोंगरगावांत रात्रीचं जेवण साडेसहा-सातलाच सुरू होतं आणि लवकर आटपतं. आठ-साडेआठला जेवणाऱ्या मराठी घराला हे जड जातं. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच लिहावं लागतं, कारण तीन-चार पदार्थांचा ठरलेला मेनू सकाळीच पक्का होतो.

आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर वरच्या सगळ्या हिशेबाला एक अपवाद आहे. 24 आणि 31 तारखेला अनेक हॉटेलं ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात. तुमचा प्लॅन ईपी असो की सीपी, माणशी वेगळे पैसे भरावेच लागतात. मॅप असला तर वरचा फरक. तो आकडा बहुधा कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच. विचारूनच पैसे भरा.