चवथ संपते, आरती संपत नाही

पेडणे-डिचोलीत चवथीला घुमट-शामेळाच्या साथीने घरोघरी आरत्या होतात आणि पुढे दोन दिवस ऑफिसात एकच ध्रुवपद डोक्यात फिरत राहते. ते प्रत्येक कडव्यानंतर, प्रत्येक घरी परत आलेले असते. मधली कडवी पाठ नसली की मन शेवटाला पोचत नाही, पुन्हा सुरुवातीला येते. (आमच्या भाषेत, ब्रेक नसलेला लूप!)

आरती दाबू नका, ती जास्तच वाजते. पुस्तिका उघडून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा. वेळ नसेल तर च्युइंगम चघळा: मनातल्या मनात गातानाही बोलण्याचीच यंत्रणा राबते, तिला दुसरे काम मिळते. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात चघळणाऱ्यांना गाणे कमी वेळा आठवले. शब्दकोडेही चालेल, पण फार अवघड नको. मन कंटाळून आरतीकडेच परतते.