सीपीयूचा कप्पा

गेल्या मे महिन्यात भावाचा कॉम्प्युटर व्हिडिओ एडिट करताना पाऊण तासात रखडायला लागायचा. आतली धूळ काढून झाली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलून झाली. तो डबा ठेवला होता कुठे, याचा विचार मात्र कुणी केला नव्हता. नव्या टेबलाबरोबर सुताराने हौसेने 'सीपीयूचा कप्पा' करून दिला होता: सगळीकडून 18 मिलिमीटरचा प्लाय, पुढे दार, मागे वायरींसाठी 6 सेंटिमीटरचं भोक.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. भावाचा एडिटिंगच्या वेळी साधारण 150 वॅट घ्यायचा. अशा कप्प्यात हवा असते जेमतेम पाव किलो, आणि ती एक अंश तापवायला या उष्णतेला दोन सेकंद पुरतात. पुढे लाकूड उष्णता शोषू लागतं म्हणून वेग मंदावतो. पण प्लाय उष्णता बाहेर फार हळू सोडतो. म्हणून त्रास लगेच दिसत नाही, पाऊण तासाने दिसतो.

पंखे वाढवूनही इथे उपयोग नाही. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. मागून फेकलेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून परत आत ओढली जाते. आत येणारी हवा जितके अंश गरम, साधारण तितकेच अंश प्रोसेसर जास्त तापतो. बरेच प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. रखडणं ते हेच.

आम्ही साधा थर्मामीटर कप्प्यात ठेवला आणि HWiNFO मध्ये प्रोसेसरचं तापमान पाहत बसलो. खोली 33 अंश. दार बंद ठेवून पाऊण तासाने कप्पा 51, प्रोसेसर 95. दार उघडून तेच काम पुन्हा लावलं: कप्पा 36, प्रोसेसर 80. घरी हाच प्रयोग करा. फरक तीन-चार अंशांचा असेल तर कप्प्याला दोष देऊ नका. दहाच्या वर गेला तर हवा कोंडतेय.

150 वॅटसाठी हवेची वाढ 10 अंशांवर रोखायची, तर सेकंदाला सुमारे 12 लिटर हवा बदलायला हवी. वायरींच्या भोकातून ती जाणं शक्यच नव्हतं. आम्ही मागचा प्लाय पूर्ण काढला, टेबल भिंतीपासून 10 सेंटिमीटर पुढे ओढलं आणि दाराच्या तळाशी 40 बाय 5 सेंटिमीटरची फट पाडून घेतली. फक्त मागची बाजू उघडून भागत नाही, कारण गार हवेलाही स्वतःची वाट लागते, आणि ती खालून असलेली बरी. आता दार बंद असतानाही प्रोसेसर 83 च्या वर जात नाही.

टेबलाखाली उघड्यावर ठेवलेल्या डब्याला एवढा त्रास नसतो. तिथे दोनच गोष्टी पाहा: मागची बाजू भिंतीला टेकलेली नको, आणि डबा सतरंजीवर नको. अनेक डब्यांत पॉवर सप्लायचा पंखा तळातून हवा ओढतो. सतरंजी ती जाळी बुजवते. खाली चार बोटं उंचीचा लाकडी पाट ठेवला तरी चालतो, फक्त जाळीखालची फळी कापून घ्या.